आण्णा, जरा हळू

महाराष्ट्रात मुरुड नावाची गावं एकाहून जास्त आहेत. जंजिऱ्याशेजारच्या मुरुडला समुद्र आहे. दापोलीजवळच्या मुरुडलाही समुद्र आहे, शिवाय महर्षी कर्वे आहेत. लातूर-बार्शी रस्त्यावरच्या मुरुडला मात्र समुद्र नाही. तिथल्या माणसाने पुण्यात गावाचं नाव सांगितलं की समोरचा “वा, बीचवर राहता!” म्हणतो, आणि त्याला सोयाबीन, तूर, ऊस अशी किनारपट्टी समजावून सांगावी लागते. लाटा नाहीत म्हणजे गाव शांत असणार, असं कुणाला वाटत असेल तर त्याने एकदा तिथल्या एखाद्या घरी पाहुणा म्हणून जावं. चहा पुढ्यात येईपर्यंत त्याचा गैरसमज दूर झालेला असेल.

असं एक घर धरू. नाव कशाला घ्यायचं, अशी घरं गल्लीत चार सापडतील. घरातल्या कर्त्या पुरुषाला सगळे ‘आण्णा’ म्हणतात. त्यांचे धाकटे भाऊ म्हणायचे, म्हणून त्यांच्या माघारी बायकोच्या बोलण्यातही ते आण्णाच झाले आणि पोरांनीही तेच उचललं. मराठवाड्यातल्या पुष्कळ घरांत बाप असाच काकांकडून नाव उसनं घेऊन दादा, बापू नाहीतर तात्या झालेला असतो. आण्णांची थोरली मुलगी एकोणतीस वर्षांची आहे. लातूरच्या एका शाळेत शिकवते, पन्नास पोरांचा वर्ग एका नजरेत गप्प करते. सुट्टीला घरी येते, पाहुणे येतात, आणि आतून ट्रे घेऊन ती उंबऱ्यात पोचायच्या आत बैठकीतून आवाज येतो:

“अगं ए! पाणी आनायलीस का हीर खांदायलीस? डोकं ठिकानावर हाय का न्हाई?”

पाहुणा म्हणतो, “असू द्या, असू द्या. लेकरू हाय.”

एकोणतीस वर्षांचं लेकरू पाणी ठेवून आत जातं. भारतीय प्रौढत्व अधिनियम १८७५ सालचा आहे आणि त्याच्या हिशेबाने ती अकरा वर्षांपूर्वीच सज्ञान झाली. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत तिला भावाइतका हक्क जन्मापासून मिळाला, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो आणखी पक्का केला. आण्णांना हे सगळं माहीत आहे. सातबारा त्यांना तोंडपाठ असतो. फक्त पाहुणे आले की ती पुन्हा नऊ वर्षांची होते आणि तिच्या हातातून तांब्या सांडण्याची शक्यता अचानक वाढते.

आता आण्णांच्या बाजूने थोडं बोललं पाहिजे, कारण आवाजाची बाजू त्यांची आहे.

हा आवाज घरात घडलेला नाही, रानात घडलेला आहे. साधं बोलणं एक मीटरवरून मोजलं तर साधारण साठ डेसिबलच्या आसपास भरतं. गडी-माणूस मोकळ्या रानात पूर्ण ताकदीने हाक मारतो तेव्हा तो आकडा पंचाऐंशी ते नव्वदपर्यंत जातो. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो, असा हिशेब आहे. म्हणजे अठ्ठ्याऐंशीवर निघालेली हाक बत्तीस मीटरवर अठ्ठावन्नवर येते, साध्या बोलण्याइतकी. एकराचा चौकोनी तुकडा धरला तर त्याची एक बाजू साधारण चौसष्ट मीटर. म्हणजे या बांधावरून त्या बांधावरच्या माणसाला “मोटार बंद कर” एवढं सांगायला आण्णांना जितकं वरडावं लागतं, तितकं वरडल्यावर त्या माणसाच्या कानात साध्या बोलण्याहूनही हळू काहीतरी पोचतं. वारा उलटा असला तर तेही नाही. चाळीस वर्षं या मापाने बोललेल्या माणसाचा गळा बैठकीत आल्यावर आपोआप लहान कसा होणार?

वेळ अमावास्येला हे फार छान दिसतं. मार्गशीर्षातली ही अमावास्या लातूर-धाराशिव भागात सणांचा सण असते. गाव ओस पडतं आणि रानं भरतात. कडब्याच्या कोपीत पांडव मांडायचे, पूजा करायची, मग भज्जी, उंडे, गव्हाची खीर आणि मातीच्या बिंदग्यातलं अंबील. पाहुणा पाहिजेच. ओळखीचा नसला तर रस्त्याने जाणारा चालतो, पण त्याला जेवल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही. त्या दिवशी आण्णा मुलीला दिवसभरात वीसदा हाका मारतात. “ताट आन! अंबील वाड! पाव्हन्याला भज्जी वाड, तुझ्या बापाचं काय जातंय!” आणि तिला एकदाही अपमान वाटत नाही. आवाज तुरीच्या ओळींवरून पसरत जातो, शेजारच्या रानातलाही कोणीतरी त्याच्या मुलीला तसाच हाक मारत असतो, आणि कुणाचं काय ते कुणाला कळतही नाही. पाहुणे तेच, बाप तोच, शब्दही तेच.

संध्याकाळी सगळे घरी येतात. बैठक बारा बाय पंधराची. तीच हाक तिथे बसते आणि मुलीचं तोंड उतरतं.

घरं बदलली, हे एक त्यातलं कारण आहे आणि त्याकडे कुणी लक्ष देत नाही. जुन्या माळवदाच्या घरात दगड-मातीच्या हात-हात रुंद भिंती, वर लाकडावर मातीचा थर, खाली शेणाने सारवलेली जमीन. माती आवाज पिऊन घेते. शिवाय पाहुणे ढाळजेत, बायका आत, मधे अंगण. ओरडणं उंबरे ओलांडत, पातळ होत जायचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हीच जड घरं माणसांवर कोसळली. त्यानंतर लातूर जिल्ह्यात दगड-मातीच्या भिंतीखाली झोपायला माणूस घाबरू लागला, आणि ज्याला जमलं त्याने सिमेंट-काँक्रीटचं घर बांधलं. ते योग्यच झालं. पण काँक्रीटची भिंत, चकचकीत फरशी आणि वर स्लॅब यांत आवाज कुठेच मुरत नाही. तो या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटतो आणि पाहुण्याच्या बशीत येऊन पडतो. गळा जुनाच राहिला आणि घर नवं आलं.

दुसरी गोष्ट कानांची. मळणी यंत्र आणि ट्रॅक्टर यांच्याजवळ हंगामच्या हंगाम काढले की कान झिजतात. पंचाऐंशी डेसिबलमध्ये रोज आठ तास, ही धोक्याची रेघ मानली जाते आणि जुना ट्रॅक्टर ती सहज ओलांडतो. वयानुसारही आधी बारीक सूर जातात. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखे फुसफुसणारे वर्ण निसटतात, त्यामुळे माणसाला ऐकू येतं पण कळत नाही. मुलीने आतून “साखर संपलीय” म्हटलं तर आण्णांपर्यंत “आखर अंपलीय” असं काहीतरी पोचतं आणि ते “काय गं?” असं अख्ख्या आळीला विचारतात. त्यात टीव्ही चालू, पंखा चालू, चार पाहुणे एकदम बोलताहेत. एत्येन लोंबार या फ्रेंच कानतज्ज्ञाने १९११ साली दाखवून दिलं होतं की भोवती गोंगाट वाढला की माणसाचा आवाज त्याच्या नकळत वाढतो. नकळत, हा महत्त्वाचा भाग. म्हणूनच “आण्णा, ओरडू नका” म्हटलं की आण्णा अगदी प्रामाणिकपणे ओरडतात: “मी कुटं वरडायलोय?”

पण कानांवर सगळं ढकलण्याआधी घरातल्या घरात एक चाचणी होते. तिला पैसे लागत नाहीत.

त्याच बैठकीत, त्याच पंख्याखाली आण्णांना व्याह्यांचा फोन येतो. आण्णांचा आवाज एकदम लोण्याचा. “हां, बोला बोला. न्हाई ओ, तुमचंच घर हाय. या की निवांत.” जावई आला तरी तेच. बँकेचे साहेब आले तर त्याहून मऊ. कान गेलेल्या माणसाला व्याही आणि मुलगी यांच्यात फरक करता येत नाही. तो सगळ्यांवर सारखा ओरडतो. आवाज माणूस बघून चढत-उतरत असेल तर डॉक्टरकडे जायचं काम नाही. ही चाचणी मुलीने केली तेव्हा निकाल पाहून तिला रागच आला. मग हसू आलं, कारण व्याह्यांशी बोलून फोन ठेवल्या ठेवल्या आण्णा तिच्याकडे वळून गरजले: “चार्जर कुटं टाकलायस?”

मग माणूस पाहुण्यांसमोरच का ओरडतो? एरवी घरात कुणी नसताना हेच आण्णा तिच्याशी तासभर सोयाबीनच्या भावावर बोलतात, तिचा सल्ला घेतात, तिने मोबाईलवर काढून दिलेला हवामानाचा अंदाज शेजाऱ्याला सांगतात. ओरडणं पाहुण्याच्या चपला दारात निघाल्या की सुरू होतं आणि चपला घातल्या की थांबतं. याचा अर्थ सरळ आहे: ओरडणं मुलीकडे तोंड करून होत असलं तरी ते पाहुण्यांना ऐकवायचं असतं. ‘पाहा, आम्ही तुमच्या सरबराईला किती जपतो. पाणी अर्धा मिनिट उशिरा आलं तर पोटच्या पोरीलाही सोडत नाही.’ आणि दुसरा अर्थ, ‘पोरगी नोकरी करते, पगार घेते, पण डोक्यावर बसलेली नाही.’ एर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९५५ साली एक लेख लिहिला होता. चारचौघांत माणूस आपली आणि समोरच्याची पत कशी राखत असतो, याचा तो हिशेब होता. गॉफमन मुरुडला कधी आला नाही, नाहीतर त्याला दिसलं असतं की इथे एक तिसरी व्यक्तीही असते. यजमानाची पत राहते, पाहुण्याची राहते, आणि दोघांची मिळून बिलं मुलीच्या नावावर फाटतात.

पाहुण्याची अडचणही कमी नसते. त्याने “असू द्या” म्हणायचं असतं, तो शिष्टाचार आहे. पण “असू द्या” म्हटलं की आण्णांना वाटतं आपलं म्हणणं पोचलं नाही, आणि ते आणखी एक पट्टी चढवतात. अनुभवी पाहुणे त्यामुळे लगेच पाण्याचा तांब्या तोंडाला लावतात. पीत असताना बोलावं लागत नाही.

पाहुण्यांसमोर मुलीवर आवाज चढवणाऱ्या बापांत जगभर सगळ्यात प्रसिद्ध झालेला बाप शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मधला. नाटकाचा पहिलाच प्रवेश. म्हातारा राजा तीन मुलींना राज्य वाटून देणार आहे, अट एवढीच की भर दरबारात बापावरचं प्रेम बोलून दाखवायचं. दोघी थोरल्या भरभरून बोलतात. धाकटी कॉर्डेलिया मोजकं बोलते, लेकीने बापावर करावं तितकं प्रेम करते म्हणते. बाप तिला तिथल्या तिथे वाटणीतून काढून टाकतो. मग तिला मागणी घालायला आलेले दोन पाहुणे आत येतात. एक बर्गंडीचा ड्यूक, एक फ्रान्सचा राजा. आपल्याकडे याला सरळ ‘बघायला आलेले पाहुणे’ म्हणतील. बाप त्यांच्यासमोरही तिला नाही नाही ते बोलतो. ड्यूक हुंडा गेल्याचं ऐकून पाय मागे घेतो. फ्रान्सचा राजा मात्र हुंड्याशिवाय तिला करून घेतो, म्हणजे तो प्रवेश निदान स्थळाच्या दृष्टीने तरी वाया गेला नाही.

त्या प्रवेशात मुरुडच्या मुलीला उपयोगी पडेल अशी गोष्ट केंटची आहे. केंट हा राजाचा जुना, विश्वासू सरदार. त्याला अन्याय बघवत नाही आणि तो तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर राजाला अडवतो. त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर असतं. परिणाम काय? राजाचा राग दुप्पट होतो आणि केंटला हद्दपारी मिळते. चारचौघांत चढलेला बाप चारचौघांत उतरत नाही. उतरला तर तो हरला, असं पाहुण्यांना दिसेल. कुसुमाग्रजांनी १९७० साली ‘नटसम्राट’ लिहिताना याच म्हाताऱ्याला मराठी घरात आणून बसवलं आणि गणपतराव बेलवलकर इथल्या प्रेक्षकांना इतके ओळखीचे वाटले की बाप घरात मोठ्याने बोलू लागला की अजूनही कुणीतरी “झालं, नटसम्राट सुरू” म्हणतं. तो बाप ऐकायला गोड, पण दिवाणखान्यात सांभाळायला अवघड, हे त्या नाटकातल्या मुलीला आणि सुनेला विचारावं.

आपल्या घरातल्या मुलीनेही पहिल्यांदा केंटचीच चूक केली. बार्शीचे पाहुणे बसलेले असताना, ट्रे हातात असतानाच ती म्हणाली, “आण्णा, सगळ्यांसमोर ओरडू नका.” बैठक एकदम सुन्न. मग आण्णांनी पाहुण्यांकडे बघून विचारलं, “बघितलं का? शिकिवल्यावर असं व्हतं.” पाहुण्यांनी एकसाथ तांबे तोंडाला लावले. त्या दिवशी घरात जे झालं ते बार्शीपर्यंत आणि तिथून पुढे कुर्डुवाडीपर्यंत गेलं.

दुसऱ्या वेळी तिने आत्याला मधे घातलं. आण्णांची थोरली बहीण हे घरातलं सर्वोच्च न्यायालय; आण्णा साठीचे झाले तरी ती त्यांना “अरे ए” म्हणते. आत्याने फोनवर भावाला असं काही झाडलं की आण्णांचा आवाज आठ दिवस बंद. पण तो मुलीशीही बंद. जेवताना “मीठ दे” हे ते बायकोमार्फत सांगू लागले, मुलगी समोर बसलेली असताना. दुखणं आवाजाचं राहिलं बाजूला, ‘माझी तक्रार बाहेर नेली’ हे नवंच दुखणं लागलं. वरच्या कोर्टात जाऊन जिंकलेला खटला घरात अमलात आणता येत नाही, हा शोध तिला लागला तो असा.

तिसऱ्या खेपेला तिने आधी शब्दांचा विचार केला. मास्तरणीची सवय, वहीच्या मागच्या पानावर वाक्यं लिहून काढली. पहिलं वाक्य, “तुम्ही नेहमी ओरडता.” हे तिने स्वतःच खोडलं. ‘नेहमी’ म्हटलं की आण्णा तारीख मागणार. “कवा? कोन आलतं? मागल्या पंधरवड्यात गंगाधरमामा आले तवा वरडलो का?” आणि गंगाधरमामांच्या वेळी ते खरंच ओरडले नव्हते, कारण त्या दिवशी घसा बसला होता. एका अपवादावर सगळी तक्रार निकालात निघाली असती.

दुसरं वाक्य, “तुम्ही असं बोललात की मला वाईट वाटतं.” हे तिला बी.एड.ला शिकवलेल्या पद्धतीजवळचं होतं. थॉमस गॉर्डन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या पुस्तकात आईबापांना सांगितलं होतं की ‘तू असा आहेस’ म्हणण्याऐवजी ‘मला असं होतं’ असं बोला, म्हणजे समोरचा अंगावर येत नाही. पद्धत चांगली आहे. पण गॉर्डनने ती आईबापांनी लेकरांशी वापरायला दिली होती, उलट दिशेने चालवताना मुरुडच्या रस्त्यावर ती थोडी अडखळते. “मला वाईट वाटतं” यावर आण्णांचं उत्तर ठरलेलं: “त्येच्यात वाईट वाटून घ्याचं काय? बाप हाय मी, शेजारी न्हाई.” वाईट वाटणं हा त्यांच्या दृष्टीने मुद्दाच नव्हता. मुद्दा पाहुण्यांचा होता. तेव्हा बोलायचं तर पाहुण्यांकडून बोललं पाहिजे, हे तिच्या ध्यानात आलं आणि तिथे गोष्टीला वळण लागलं.

वेळही तिने विचार करून निवडली. पाहुणे गेल्या गेल्या नाही. तेव्हा आण्णा हिशेबात असतात, कोण काय बोललं, कुणाला चहा कमी पडला. मोटारसायकलवर मागे बसून नाही, कारण वाऱ्यात निम्मे शब्द उडतात आणि उरलेल्यांना आण्णा ओरडून उत्तर देतात. रात्रीचं जेवण झालं, आई भांडी आवरायला गेली, आण्णा अंगणात बाजेवर अडकित्त्याने सुपारी कातरत बसले, अशी वेळ. तोंडात सुपारी असलेला माणूस लगेच उत्तर देऊ शकत नाही. ही फक्त योगायोगाची सोय नव्हती.

ती बाजेच्या पायथ्याशी बसली आणि म्हणाली, “आण्णा, एक इचारू का? पाहुन्यांपुढं माझ्यावर वरडू नका. माझं काय चुकलं तर आत हाक मारून सांगा, मी ऐकून घेते.”

एवढंच. त्यात ‘नेहमी’ नव्हतं, मागच्या वर्षीचं काही नव्हतं, आत्या नव्हती. एक जागा सांगितली होती, बैठक. आणि तिच्याबदली दुसरी दिली होती, आतली खोली. बापाचा ओरडायचा हक्क तिने काढून घेतला नव्हता, फक्त त्याची जागा बदलून मागितली होती. शेतकऱ्याला हे व्यवहाराचं बोलणं समजतं; बांध सरकवायचा नाही, वहिवाटीचा रस्ता तेवढा पलीकडून काढायचा.

आण्णांनी सुपारी चघळली. मग म्हणाले, “लोकं म्हनतेल, पोरगी बापाचं ऐकंना.”

“उलट म्हनतेत आण्णा. तुमी वरडलाव की लोकं म्हनतेत, ह्येच्या घरात वरडल्याबिगर कोन काम करत न्हाई वाटतं.”

अडकित्ता थांबला. हे त्यांनी कधी त्या बाजूने पाहिलं नव्हतं. पाहुण्यांना दाखवायला म्हणून जी शिस्त ते आवाजात ठेवत होते, तीच पाहुण्यांना बेशिस्त दिसत असेल, हा हिशेब त्यांना झोंबला. लेकीचं दुखणं त्यांना कळलं की नाही हे सांगता येणार नाही. पण गावात आपली पत कमी भरतेय, हे लगेच कळलं. ‘बापाला भावना समजावून सांगा’ असं सांगणाऱ्या पुस्तकांना हे आवडणार नाही, पण काम भावनेने झालं नाही, अब्रूने झालं.

पहिला प्रयोग पुढच्याच रविवारी. पाहुणे लातूरचे. चहात साखर जास्त झाली होती. आण्णांनी घोट घेतला, डोळे मोठे केले, खाकरले आणि अत्यंत सौम्य आवाजात हाक मारली, “बाई, जरा आत ये बरं.” आणि स्वतः उठून आत गेले. दार लावलं नाही. मग आतल्या खोलीत, कराराप्रमाणे, पूर्ण अठ्ठ्याऐंशी डेसिबलमध्ये: “साखरंचं पोतं उपडं केलंस का चहात?” बैठकीत पाहुण्यांनी शब्द न् शब्द ऐकला. फरक एवढाच की आता त्यांना मुलीचा चेहरा दिसत नव्हता आणि “असू द्या” कुणाला म्हणायचं ते कळत नव्हतं. एकाने भिंतीला म्हटलं.

करारात कलम वाढवावं लागलं: आत, आणि हळू. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा पंचावन्न आणि रात्री पंचेचाळीस डेसिबल अशी मर्यादा आहे, हे मुलीने वाचून दाखवलं. ती मर्यादा परिसराच्या एकूण आवाजाची असते, एका बापाची नसते, हे तिने सांगितलं नाही. आण्णांनी नियम ऐकून घेतला आणि विचारलं, “ह्ये डीजेवाल्याला कोन वाचून दाखीवलंय का?” प्रश्न रास्त होता, त्याला उत्तर नव्हतं.

पण हळूहळू जमू लागलं, आणि जमतं कसं तेही पाहण्यासारखं होतं. ओरडण्याची जागा एकदम शांततेने घेतली नाही. आधी तिथे खाकरणं आलं. एकदा खाकरलं म्हणजे पाणी, दोनदा म्हणजे चहा, लांबलचक खाकरलं म्हणजे ‘पाहुणे जेवून जाणार, भाकरी वाढव’. पाहुण्यांना वाटायचं आण्णांची तब्येत बरी नाही. एकाने लातूरच्या छातीच्या डॉक्टरचा पत्ताही दिला. अधूनमधून जुना आवाज फुटायचाच, विशेषतः पाहुणे दहाच्या वर गेले की. गोंगाटात आण्णांना आपला आवाज चढल्याचं कळायचं नाही, लोंबारसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे. त्यावर मुलीने उपाय काढला. पाहुणे यायच्या आधी टीव्ही बंद, आणि पाणी-चहा आण्णांनी हाक मारायच्या आत बाहेर. गादीवर चादर, खिडकीला जाड पडदा आणि फरशीवर सतरंजी आली तेव्हा खोलीचा घुमारा उतरला. आईला वाटलं पोरीला घर सजवायची हौस आली.

पुढच्या वेळ अमावास्येला रानात पुन्हा पंचवीस पाहुणे. आण्णा कोपीपासून विहिरीपर्यंत मोकळ्या गळ्याने वरडत होते आणि तिथे कुणाची काही तक्रार नव्हती, कराराच्या हद्दीबाहेरचं क्षेत्र. संध्याकाळी बैठकीत त्यांनी बार्शीच्या त्याच पाहुण्यांना छाती काढून सांगितलं, आणि सांगताना आवाज आढ्याला लागला: “आमच्या पोरीनं सांगितलंय, पाव्हन्यांपुढं वरडायचं न्हाई म्हून! तवापासून वरडतच न्हाई बगा मी!”

आत स्वयंपाकघरात बार्शीच्या पाहुण्यांची बायको खिरीची वाटी बाजूला ठेवून मुलीजवळ सरकली. तिच्या घरीही एक आण्णा होते, तिथे त्यांना तात्या म्हणत.

“बाई, कवा सांगितलंस गं? जेवायच्या आदी का मागनं?”

“मागनं,” मुलगी म्हणाली. “तोंडात सुपारी असताना. आन् नणंदेला मदी घालू नका.”